रेफर्ड बाय : सेल्फ

आमच्या घराण्यात कुणीही रक्त तपासलं की रिपोर्ट डॉक्टरांकडे जायच्या आधी माझ्याकडे येतो. मी मिरजेत एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. रक्त काढायचं, ट्यूब मशीनला लावायची, आलेले आकडे पटतात का ते बघायचं, हे माझं काम. त्या आकड्यांवर सही करणाऱ्या डॉक्टर वेगळ्या आणि औषध लिहून देणारे डॉक्टर आणखी वेगळे. नातेवाइकांना हा फरक मंजूर नाही. ‘तू रोज हेच बघतेस ना?’ एवढा एकच मुद्दा त्यांच्याकडे असतो. कंडक्टरही रोज एसटीतच असतो, पण म्हणून त्याला कुणी इंजिन उघडायला सांगत नाही.

आणि रिपोर्ट येतो तो फोटोच्या रूपात. लॅबने पीडीएफ पाठवलेली असते आणि ती त्याच मोबाइलमध्ये पडलेली असते. पण ती तशीच पुढे पाठवली तर काहीतरी अपुरं राहिल्यासारखं वाटत असावं. म्हणून ती कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे छापायची, जेवणाच्या टेबलावर पसरायची आणि संध्याकाळच्या उजेडात तिचा फोटो काढायचा. पंख्याने कागद उडतो म्हणून वर चष्म्याचं घर ठेवतात, ते नेमकं युनिटच्या रकान्यावर बसतं. उरलेला कोपरा अंगठ्याने दाबतात. तो अंगठा इतका स्पष्ट येतो की त्यावरून आधार कार्ड निघेल. आकडे तेवढे धूसर असतात. आत्याने तर एकदा फक्त पहिलं पान पाठवलं. त्यावर लॅबचं नाव, बारकोड आणि आत्याचं वय होतं. मी विचारलं, ‘‘आत्या, आकडे कुठेत?’’ तर म्हणाली, ‘‘ते पुढच्या पानावर आहेत. पण ते सगळे इंग्रजीत आहेत गं.’’

गंमत सोडा, पण अर्धवट फोटोवरून बोलणं हा धोक्याचा प्रकार आहे. मावशीचा फोन आला तेव्हा ती जवळजवळ रडत होती. ‘‘पेशी दोनशे साठवर आल्यात. लाखात लागतात ना?’’ डेंग्यूचे दिवस होते, आणि त्या दिवसांत आमच्याकडे सोन्याच्या भावाइतक्याच आस्थेने प्लेटलेटचा भाव विचारतात. शेजारच्या बाईंनी पपईची पानं आणूनही दिली होती. मी तिला चष्म्याचं घर उचलायला सांगितलं. खालून युनिट निघालं : हजार प्रति मायक्रोलिटर. म्हणजे 260 हजार, अर्थात दोन लाख साठ हजार, आणि शेजारच्या रकान्यातली मर्यादा 150 ते 410. काही लॅबवाले हाच आकडा 2.6 लाख असा छापतात, काही 2,60,000 असा पूर्ण लिहितात. तीन कागदांवर तीन वेगळे आकडे, पण रक्त तेच. पपईची पानं परत गेली नाहीत, ती कुणीतरी प्यायलं. कोण ते मी विचारलं नाही.

युनिटइतकाच महत्त्वाचा भाग म्हणजे पानाच्या तळाची बारीक अक्षरातली ओळ, आणि फोटो काढताना नेमकी तीच कापली जाते. थोरल्या वहिनींच्या वडिलांचं पोटॅशियम 6.4 आलं होतं, मर्यादा 3.5 ते 5.1. हा आकडा बघून मी ‘बघू या’ म्हणत नाही. ‘‘तपासणी लिहून दिलेल्या डॉक्टरांना आत्ता, या मिनिटाला फोन लावा,’’ असं सांगितलं आणि जोडीला पूर्ण पानाचा फोटो मागवला. त्यात खाली छापलं होतं की नमुना हिमोलाइझ झालेला आहे. म्हणजे ट्यूबमधल्या लाल पेशी फुटल्या होत्या. पोटॅशियमचा मोठा साठा पेशींच्या आत असतो. सुई बारीक असेल, सिरिंज जोराने ओढली, ट्यूब खसाखसा हलवली, तर पेशी फुटतात, तो साठा बाहेर सांडतो आणि मशीन ते सगळं इमानदारीत मोजतं. तरीपण ‘हं, पेशी फुटल्यात, झोपा निवांत’ असं मी म्हणू शकत नाही, कारण फुटलेल्या नमुन्यामागे खरोखरच वाढलेलं पोटॅशियमही लपलेलं असू शकतं. त्यामुळे मी दोनच गोष्टी केल्या : घाई करायला लावली, आणि ती तळाची ओळ डॉक्टरांना शब्दशः वाचून दाखवायला सांगितली. त्यांनी लगेच पुन्हा रक्त घ्यायला लावलं, ते 4.6 आलं. वहिनींचे वडील मात्र आजतागायत सगळ्यांना सांगतात की नारळपाणी सोडलं म्हणून दोन तासांत पोटॅशियम उतरलं.

आता मूळ दुखण्याकडे येते. ते म्हणजे आकड्याशेजारी ठळक अक्षरात छापलेला ‘एच’ किंवा ‘एल’. वाढलेलं आणि घटलेलं. घरातली माणसं रिपोर्ट वाचतच नाहीत, फक्त एच आणि एल मोजतात. ‘‘माझे तीन आलेत, तुमचे?’’ असा हळदीकुंकवातला संवाद मी स्वतः ऐकलेला आहे.

ही मर्यादा ठरते कशी, हे एकदा शांतपणे ऐकलं तर निम्मे फोन बंद होतील. निरोगी माणसं घ्यायची, निदान 120 तरी घ्यावीत असा संकेत आहे, आणि सगळ्यांची तपासणी करायची. आलेले आकडे ओळीने लावायचे, वरचे अडीच टक्के आणि खालचे अडीच टक्के बाजूला काढायचे, आणि उरलेल्या मधल्या 95 टक्क्यांच्या दोन टोकांना ‘मर्यादा’ म्हणून छापायचं. म्हणजे ज्यांना बाजूला काढलं तीही निरोगीच माणसं होती! ठणठणीत शंभर माणसांतली पाच तर या व्याख्येनेच रेषेबाहेर पडतात. हे झालं एका तपासणीचं. एकमेकींशी संबंध नसलेल्या 20 तपासण्या एकाच ठणठणीत माणसाच्या केल्या, तर सगळ्याच्या सगळ्या रेषेच्या आत यायची शक्यता 0.95 चा विसावा घात, म्हणजे सुमारे 36 टक्के. उरलेल्या 64 टक्क्यांच्या नशिबी निदान एक तरी ठळक अक्षर आहेच. आणि सणासुदीला सवलतीत मिळतात त्या पॅकेजमध्ये सत्तर-ऐंशी तपासण्या असतात. त्या सगळ्या काही एकमेकींपासून सुट्या नसतात, म्हणून तिथे हा हिशेब असाच्या असा लागू होत नाही. तरी एकही एच-एल नसलेला रिपोर्ट दिसला की मीच आधी नाव बरोबर आहे का ते तपासते.

साखर आणि कोलेस्टेरॉल यांना मात्र हे गणित लावू नका. तिथल्या रेषा ‘बहुतेकांचं किती असतं’ यावरून आखलेल्या नाहीत, ‘कुठून पुढे धोका वाढतो’ यावरून आखल्या आहेत. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा 6.7 आला आणि कुणी म्हणालं, ‘आमच्याकडे सगळ्यांचं तेवढंच असतं’, तर तो बचाव होत नाही. उलट डॉक्टरांना सांगण्यासारखी ती आणखी एक गोष्ट होते.

ठळक अक्षराचा दुसरा दोष म्हणजे त्याला दिशा कळते, अंतर कळत नाही. क्रिएटिनिनची वरची रेषा 1.30 असेल तर 1.31 लाही एच आणि 6.31 लाही एच. तोच जाडपणा, तोच ठसा. काकूंचं 1.31 आल्यावर त्यांनी डाळ, दही, पालक, टोमॅटो आणि सासरेबुवांशी बोलणं, एवढं सगळं एका दिवसात बंद केलं. मी इतकंच सांगितलं की हा आकडा रेषेवर उभा आहे. तोच नमुना पुन्हा मशीनला लावला तर 1.28 सुद्धा येऊ शकतो. मागचा रिपोर्ट शोधा आणि दोन्ही घेऊन डॉक्टरांकडे जा, महिनाभराने गेलात तरी चालेल की आठवड्यात जायचं, ते त्यांच्या दवाखान्यात फोन करून विचारा. किडनी चांगली की वाईट यावर मी चकार शब्द काढला नाही. काकूंना हे फार लागलं. ‘‘चांगली आहे म्हणायला काय जातंय तुझं?’’ पण ‘चांगली आहे’ हेसुद्धा निदानच झालं, हे लोकांना पटत नाही. निदान म्हणजे वाईट बातमीच, असा आपला समज आहे.

याच्या उलट प्रकारही असतो, आणि तो मला जास्त छळतो. धाकट्या भावाचं हिमोग्लोबिन 13.2, मर्यादा 13 ते 17. ठळक अक्षर नाही, भाऊ खुशीत. पण त्याचं वर्षापूर्वीचं 15.8 होतं, तेही माझ्याच फोनमध्ये फोटोच्या रूपात. दोन्ही आकडे रेषेच्या आत आहेत, म्हणून संगणक गप्प बसला. मी गप्प बसले नाही. ‘‘का कमी झालं ते मला माहीत नाही आणि तूही ठरवू नकोस. दोन्ही कागद दाखव,’’ एवढं म्हणाले. तो म्हणाला, ‘‘एल नाहीये तरी तू एल शोधतेस.’’ मग गेला एकदाचा, बायकोने पाठवला म्हणून.

टक्केवारीचा गोंधळ तर विचारू नका. वहिनींच्या लेकीचा रिपोर्ट, लिम्फोसाइट 46 टक्के, मर्यादा 20 ते 40, शेजारी भलामोठा एच. तिने रात्री एक वाजेपर्यंत मोबाइलवर वाचन केलं आणि सकाळी विमा काढायला निघाली. खरं तर त्या ओळीच्या वर तिच्या पांढऱ्या पेशींची एकूण संख्या दिली होती, 5,000. त्याचे 46 टक्के म्हणजे 2,300. लिम्फोसाइटच्या प्रत्यक्ष संख्येची मर्यादा त्याच रिपोर्टच्या दुसऱ्या पानावर छापली होती, 1,000 ते 3,000. म्हणजे पेशींची संख्या मर्यादेत आणि वाटा तेवढा मर्यादेबाहेर. पोळीचा आकार ठरलेला असला की एकाचा वाटा थोडा कमी झाला तर दुसऱ्याचा आपोआप वाढलेला दिसतो. मी तिला दोन्ही ओळींखाली पेन्सिलने रेघ मारायला सांगितली आणि ‘टक्के बाहेर, संख्या आत, डॉक्टरांना विचारणे’ असं शेजारी लिहायला लावलं. विमा एजंटाची तेवढी निराशा झाली.

या सगळ्यात माझी खरी परीक्षा पाहिली ती मधल्या काकांनी. वय अठ्ठावन्न, प्रकृती उत्तम, तक्रार काही नाही. सोसायटीत तपासणीचं शिबिर होतं आणि शेजारच्यांनी रक्त दिलं म्हणून यांनीही दिलं. रिपोर्टवर ‘रेफर्ड बाय’ असं छापलेलं असतं, त्यापुढे पाठवणाऱ्या डॉक्टरांचं नाव येतं. काकांच्या रिपोर्टवर तिथे ‘सेल्फ’ होतं. आणि पानाच्या शेवटी नेहमीची ओळ, की हे आकडे रुग्णाच्या प्रकृतीशी ताडून पाहावेत. आता सेल्फने सेल्फला कसं ताडून पाहायचं? म्हणून फोटो माझ्याकडे.

ट्यूबलाइटखाली काढलेला फोटो. बरोबर मधोमध पांढरा झोत, आणि त्या झोतात लाल पेशींच्या संख्येचा पहिला अंक गडप. ‘काहीतरी पॉइंट सहा’ एवढंच दिसत होतं. 3.6 की 5.6? फरक साधा नाही. काकांना विचारलं तर म्हणाले, ‘‘कागद काकूने कुठेतरी ठेवलाय.’’ या वाक्यानंतर आमच्याकडे कागद सापडत नाही. पण सीबीसीची एक चांगली गोष्ट अशी की त्यातल्या बऱ्याच ओळी एकमेकींपासून काढलेल्या असतात. हिमोग्लोबिन स्वच्छ दिसत होतं, 11.2. एका पेशीत सरासरी किती हिमोग्लोबिन, तो एमसीएच, 20. हा एमसीएच येतो हिमोग्लोबिनला दहाने गुणून लाल पेशींच्या संख्येने भागल्यावर. 112 ला 5.6 ने भागलं की बरोबर 20 येतात. 3.6 ने भागलं तर 31 च्या वर जातं. म्हणजे झोताखालचा अंक पाच. पडताळा म्हणून दुसरी ओळही पाहिली : पेशींनी व्यापलेला भाग 36 टक्के, त्याला दहाने गुणून 5.6 ने भागलं की 64 येतं, आणि पेशीच्या सरासरी आकाराच्या, म्हणजे एमसीव्हीच्या ओळीत 64.3 छापलं होतंच. (तरी रात्री पीडीएफ मागवून खात्री केलीच. हिशेबाने अंक कळतो, पण लॅबनेच काही चुकीचं छापलं असेल तर ते कळत नाही.)

मग काकांना सांगायला बसले. ‘‘हिमोग्लोबिन 11.2 आहे, पुरुषांची खालची रेषा 13, म्हणजे कमी आहे, आणि हे काही रेषेवरचं नाही, बऱ्यापैकी खाली आहे. पेशींचा आकार 64, रेषा 83, म्हणजे पेशी नेहमीपेक्षा चांगल्याच लहान. प्रत्येक पेशीतला माल 20, रेषा 27, तोही कमी. पण पेशींची संख्या 5.6, वरची रेषा 5.5, म्हणजे किंचित जास्त. पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट मर्यादेत आहेत.’’

‘‘म्हणजे मला काय झालंय?’’

‘‘तुम्हाला एमसीव्ही 64 झालंय.’’

काका काही क्षण गप्प. काकू मागून म्हणाल्या, ‘‘रक्त कमी आहे, दुसरं काय! बीट आणा.’’ आत्याने लोहाच्या गोळ्यांचं नावसुद्धा सांगितलं. संगणक कंपनीतला पुतण्या म्हणाला की हे बी-12 आहे, त्याच्या टीममध्ये सगळ्यांना तेच आहे. पाच मिनिटांत घरात तीन निदानं झाली, आणि ज्या बाईला त्यातलं थोडंफार कळतं ती एकटी तोंड मिटून बसलेली.

का मिटलं, तेही सांगते. पेशी लहान आणि संख्या मात्र भरपूर, अशी जोडी दिसली की करायचा एक भागाकार पुस्तकात आहे. 1973 साली मेंझर नावाच्या डॉक्टरांनी तो मांडला : आकाराला संख्येने भागा, उत्तर 13 च्या वर गेलं तर कल एकीकडे, खाली आलं तर दुसरीकडे. एका बाजूला लोहाची कमतरता, दुसऱ्या बाजूला थॅलेसेमियाचं वाहक असणं, जो आजार नव्हे तर आईबापांकडून आलेला गुण असतो. काकांचा भागाकार मी मनात केला होता. तो काय येतो ते आकडे वर दिलेत, तुम्हीही करू शकता. पण तो नुसता कल दाखवतो, निकाल देत नाही. दोन्ही गोष्टी एकाच माणसात असू शकतात, तेव्हा हा भागाकार गोंधळतो. वेगळं करायला शरीरातला लोहाचा साठा बघणारी फेरिटिनची तपासणी आणि हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी तपासणी लागते, आणि काकांची कोणती करायची ते डॉक्टरांनी ठरवायचं. त्यात काकांच्या मुलीची स्थळं बघणं चालू होतं. मी जेवणाच्या टेबलावर ‘थॅलेसेमिया’ हा शब्द नुसता उच्चारला असता, तर रात्रीपर्यंत तो कोल्हापूरला पोहोचला असता. आणि पुढे तपासणीत काही निघालं नसतं, तरी तो तिथून परत आला नसता.

म्हणून मी निदानाऐवजी काकांना काम दिलं. जुने रिपोर्ट शोधा म्हटलं. माळ्यावरच्या साडीच्या दुकानाच्या पिशवीत, लाइट बिलांच्या आणि एका पत्रिकेच्या मधोमध, 2011 सालचा रिपोर्ट निघाला. हर्नियाच्या ऑपरेशनच्या वेळचा. त्यात एमसीव्ही 65, हिमोग्लोबिन 11.6. म्हणजे पेशी काही गेल्या आठवड्यात आक्रसलेल्या नव्हत्या, निदान तेव्हापासून तशाच होत्या. हा कागद हाती नसता तर डॉक्टरांना ‘हे केव्हापासून?’ या प्रश्नाचं उत्तर मिळालं नसतं. काकांना मी एका चिठ्ठीवर चार ओळी लिहून दिल्या : कोणते आकडे बाहेर, किती बाहेर, 2011 साली किती होते, आणि सध्या कोणती औषधं चालू आहेत. पाचवी ओळ काकूंसाठी होती, की डॉक्टर सांगेपर्यंत लोहाची गोळी नाही. काकूंनी ती ओळ मोठ्याने वाचली आणि विचारलं, ‘‘बीट चालेल ना? बीट काही औषध नव्हे.’’

डॉक्टरांनी चिठ्ठी वाचली, दोन्ही कागद शेजारी ठेवले, काकांच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या, पोट दाबलं, घरात कुणाला असं काही आहे का ते विचारलं आणि दोन तपासण्या लिहून दिल्या. या वेळी ‘रेफर्ड बाय’पुढे डॉक्टरांचं नाव होतं. रिपोर्ट आमच्याच लॅबमध्ये झाला आणि नमुना मशीनला मीच लावला. त्यात काय आलं ते आत्याने विचारलं, पुतण्याने विचारलं, वहिनींनी तर खोदून खोदून विचारलं. ते काकांचं आणि डॉक्टरांचं, म्हणून मी कुणाला सांगितलं नाही, तुम्हालाही सांगणार नाही. बीट मात्र काकूंनी रिपोर्ट कळला त्या दिवशीच घाऊक भावात पाच किलो आणून ठेवलं होतं. त्यामुळे सध्या त्या घरात कोशिंबीर, पराठे आणि सूप एकाच रंगाचे असतात, आणि काका मला रोज सकाळी घाबरून एक वेगळाच फोटो पाठवू का म्हणून विचारतात. मी पाठवू नका म्हणते. तो बीटाचा रंग आहे, आणि हे मला कुणालाही न विचारता सांगता येतं. तरी दोन-तीन दिवस बीट न खाताही तसाच राहिला तर डॉक्टरांना दाखवा, असं शेपूट मी त्यालाही जोडलंच.